एकवीस दिवसांचा हिशेब

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला असतो. घरातली सगळी मंडळी त्याच तारखेवर निश्चिंत असतात. पण त्या शिक्क्याचा उपयोग विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभं राहण्यापुरता. आत किती दिवस राहायचं ते हा अधिकारी ठरवतो, आणि त्याने ठरवलेली तारीख आय-94 नावाच्या नोंदीत असते. पर्यटक म्हणून, म्हणजे बी-2 वर आलेल्यांना बहुधा सहा महिने मिळतात. ही नोंद आता कागदावर हातात पडत नाही. i94.cbp.dhs.gov या संकेतस्थळावर पासपोर्टचा नंबर घालून ती पाहावी लागते. तिथे Admit Until Date असं लिहिलेलं असतं. मुक्कामाची खरी मुदत तीच.

ही मुदत वाढवून मागता येते. त्यासाठी आय-539 नावाचा अर्ज आहे, आणि तो मुदत संपायच्या आत पोहोचला पाहिजे. यूएससीआयएस, म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं, निदान 45 दिवस आधी अर्ज करा असं सुचवतं. सुचवणं ठीक आहे. पण परतीच्या तिकिटाला आठवडा उरलेला असताना माणूस बर्फावरून घसरला, तर 45 दिवस आधीचा अर्ज कुठून आणायचा?

अशा वेळी उशिराच्या अर्जासोबत एक पत्र लावतात. हा लेख त्या पत्राविषयी आहे. ते इंग्रजीत लिहावं लागतं, पण त्याची जुळवाजुळव मराठी घरातल्या डायनिंग टेबलावरच होते, आणि चुकते तीही तिथेच.

एक दाखला घेऊ. माणसं मी कल्पिलेली आहेत. तारखांचा पेच मात्र अनेक घरांनी पाहिलेला आहे.

सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी 5 सप्टेंबर 2024 रोजी न्यू जर्सीत मुलाकडे आले. आय-94 वर तारीख पडली 4 मार्च 2025. परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, 27 फेब्रुवारीचं. 20 फेब्रुवारीच्या सकाळी आजोबा कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला बाहेर पडले आणि दारातल्या काळ्या बर्फावरून घसरले. हा बर्फ दिसत नाही, डांबर नुसतं ओलं असल्यासारखं वाटतं. खुब्याचं हाड मोडलं. 21 तारखेला शस्त्रक्रिया झाली. 24 ला न्यूमोनिया झाला आणि त्यांना आयसीयूत हलवलं. तिथून ते 5 मार्चला बाहेर आले. 10 मार्चपर्यंत वॉर्डात होते, मग 19 मार्चपर्यंत रिहॅबमध्ये, म्हणजे जिथे वॉकर धरून पुन्हा चालायला शिकवतात तिथे. घरी आल्यावर धावाधाव करून अर्ज भरला आणि तो खात्याच्या हातात पडला 25 मार्चला.

4 मार्च ते 25 मार्च. एकवीस दिवसांचा उशीर.

आता मुलगा पत्र लिहायला बसतो. आपल्या सगळ्यांच्या हातात शाळेपासून अर्जाचा एक साचा बसलेला असतो. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, इथपासून ते आपला आज्ञाधारक इथपर्यंत. त्या वळणाने त्याचा पहिला मसुदा उतरतो: माझे वडील अत्यंत सज्जन आणि कायद्याला मानणारे गृहस्थ आहेत, त्यांनी छत्तीस वर्षं विद्यादानाचं काम केलं, आमच्या कुटुंबावर अचानक संकट कोसळलं, आम्ही सगळे मानसिकदृष्ट्या खचलो होतो, तरी आपण माणुसकीच्या दृष्टीने सहानुभूतीपूर्वक विचार करावा.

यातला शब्द न् शब्द खरा असेल. तरी अधिकाऱ्याच्या कामाचं त्यात काही नाही. वडील कधी पडले, कधी शुद्धीवर आले, सही करण्याजोगे कधी झाले, यातलं एकही उत्तर त्यात सापडत नाही. त्याच्या समोर फाइल आहे आणि फाइलसोबत एक नियम आहे. पत्र लिहिणाऱ्याने आधी तो नियम वाचायला हवा.

8 सीएफआर 214.1(सी)(4) असा त्याचा पत्ता. मुदत संपल्यावर आलेला अर्ज मंजूर करता येत नाही, असं तो आधी सांगतो आणि मग अपवादाची फट ठेवतो. उशीर माफ करण्याचा अधिकार खात्याला आहे, पण त्यासाठी अर्जदाराने चार गोष्टी दाखवल्या पाहिजेत. उशीर आपल्या हाताबाहेरच्या असाधारण परिस्थितीमुळे झाला आणि तो त्या परिस्थितीच्या मानानेच झाला. एरवी आपण मुक्कामाचा कुठलाही नियम मोडलेला नाही. आपण आजही खरोखरच पाहुणे आहोत, परत जाणार आहोत. आणि आपल्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई चालू नाही. हे सगळं दाखवलं तरी माफी हक्काने मिळत नाही. ती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या विचारावर असतं.

दुसरी आणि चौथी गोष्ट एकेका वाक्यात संपते. आजोबांनी कुठे नोकरी केलेली नाही, त्यांच्यावर कसली कारवाई नाही. पत्राचा सगळा भार पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीवर असतो. त्यातही पहिल्या गोष्टीतलं 'मानानेच' हे शब्दाएवढं शेपूट सगळ्यात जड.

त्याचा अर्थ असा, की हॉस्पिटलात होतो एवढं म्हणून भागत नाही. तीन दिवस हॉस्पिटलात असलेला माणूस तीन महिन्यांनी अर्ज करून हॉस्पिटलचंच कारण सांगू शकत नाही. कारणाची लांबी आणि उशिराची लांबी जुळली पाहिजे. म्हणून हे पत्र लिहायच्या आधी मोजावं लागतं, आणि मोजायचं असतं दिवसागणिक.

आपले एकवीस दिवस घ्या. 5 ते 10 मार्च, सहा दिवस हॉस्पिटलात. 11 ते 19 मार्च, नऊ दिवस रिहॅबमध्ये. 20 ते 25 मार्च, सहा दिवस घरी. पहिल्या पंधरा दिवसांना डिस्चार्जचे दोन कागद आहेत. अडचण शेवटच्या सहा दिवसांची. माणूस घरी आलाय, सोफ्यावर बसून चहा पितोय, मग त्याच दिवशी अर्ज का गेला नाही? पत्र जर 'डिस्चार्ज मिळताच आम्ही लगेच अर्ज केला' असं म्हणून मोकळं झालं, तर अधिकारी तारखा वजा करतो आणि सहा दिवस उरतात. मग 'लगेच' हा शब्दच संशयास्पद होतो.

खरं कारण अगदी साधं होतं, आणि साधं असलं तरी ते लिहायचं. 20 मार्चला, गुरुवारी, मुलाने हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्स विभागाकडे कागद मागितले. अमेरिकेत बापाचे कागद मुलाला सहजासहजी मिळत नाहीत. रुग्णाने स्वतः सही केलेलं संमतिपत्र लागतं. ते त्याच दिवशी दिलं. मध्ये शनिवार-रविवार गेला. सोमवारी, 24 तारखेला, सर्जनचं पत्र हातात आलं. त्याच संध्याकाळी पाकीट कुरियरने निघालं आणि 25 ला पोहोचलं. संमतिपत्राची प्रत, सर्जनच्या पत्रावरची तारीख आणि कुरियरची पावती या तीन कागदांत ते सहा दिवस बसतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. कागदी अर्जाची तारीख म्हणजे पाकीट टाकल्याची तारीख नव्हे, ते खात्यात पोहोचल्याची. सही राहिली किंवा फी चुकली तर अख्खं पाकीट परत येतं आणि ती तारीखही जाते. फी 2024 च्या एप्रिलपासून कागदी अर्जाला 470 आणि ऑनलाइन अर्जाला 420 डॉलर आहे. भरायच्या दिवशी ती आणि ती भरायची पद्धत संकेतस्थळावर पुन्हा पाहावी, कारण दोन्ही बदलत असतात. आणि सहीबद्दल: वडिलांच्या नावापुढे मुलाने आपण सही ठोकून द्यायची नाही. आपल्याकडे बँकेच्या फॉर्मवर हे सर्रास चालतं, पण इथे ती सही धरलीच जात नाही.

हा मागच्या बाजूचा हिशेब झाला. पुढच्या बाजूलाही एक भोक आहे, आणि त्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आजोबा पडले 20 फेब्रुवारीला. मुदत होती 4 मार्चची. मधल्या बारा दिवसांत अर्ज करता आला नसता का? आणि त्याच्याही मागे, 45 दिवस आधी का केला नाही?

त्या मागच्या प्रश्नाला माझ्या मते साऱ्या फाइलमधला सगळ्यात भक्कम कागद उत्तर देतो, आणि तो वैद्यकीय नाहीच. तो म्हणजे 27 फेब्रुवारीचं परतीचं तिकीट. मुदतीच्या पाच दिवस आधी परतायचं ठरलेलं होतं, म्हणून मुदतवाढ मागण्याचा प्रश्नच नव्हता. तिकीट कधी काढलं, कधी रद्द केलं आणि त्याचे पैसे कसे परत आले, या ईमेल घरात कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडलेल्या असतात. त्या छापायच्या. हेच तिकीट तिसऱ्या गोष्टीचाही अर्धा पुरावा होतं. हे लोक पाहुणेच होते, त्यांना जायचंच होतं. ज्यांच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं, किंवा ते मुदतीनंतरचं होतं, त्यांचं पत्र इथे लंगडं पडतं. मग ते शब्दांनी कितीही सावरा.

मधले बारा दिवस अवघड आहेत. 24 फेब्रुवारीपासून 5 मार्चपर्यंत आजोबा आयसीयूत होते, त्यांतले काही दिवस व्हेंटिलेटरवर. सही करण्याचा प्रश्न नाही. पण 22 आणि 23 ला ते शुद्धीवर होते. त्या दोन दिवसांचं काय? त्यांचं उत्तर असं, की आदल्या दिवशीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दुखण्यावरची जोरदार औषधं चालू होती, आणि तोवर डॉक्टरांनी प्रवासाबद्दल काही सांगितलेलंच नव्हतं. हे मुलाने आपल्या शब्दांत लिहून उपयोग नाही. ते सर्जनच्या पत्रात आलं पाहिजे.

म्हणून सर्जनचं पत्र कसं मागायचं ते सांगतो. डॉक्टरांच्या ऑफिसात 'इमिग्रेशनसाठी एक पत्र द्या' म्हटलं, की ठरलेली तीन ओळींची चिठ्ठी मिळते: अमुक रुग्ण माझ्या उपचाराखाली असून त्यास विश्रांतीची गरज आहे. असल्या चिठ्ठीने काम होत नाही. डॉक्टरांना पाच प्रश्न लिहून द्यावेत. कधी दाखल झाले आणि कधी सुटले? निदान काय, उपचार काय? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते कागदपत्र वाचून सही करण्याच्या अवस्थेत नव्हते? इतका लांबचा विमानप्रवास आज का करता येत नाही? आणि कधी करता येईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर आपण होऊन कधी लिहीत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात वैद्यकीय असं काही नाही. अधिकाऱ्याला मात्र तेवढंच हवं असतं. चौथ्याचं उत्तर खुब्याच्या शस्त्रक्रियेत सोपं आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे वाढलेला असतो, आणि तासन् तास एकाच जागी बसून राहणं त्यात भर घालतं.

हॉस्पिटलची सगळी फाइल जोडायचा मोह होतो. तीनशे पानं, रोजच्या रक्ततपासण्या, नर्सच्या नोंदी. ती जोडू नयेत. डिस्चार्ज समरी, रिहॅबमधून सुटल्याचा कागद आणि सर्जनचं पत्र एवढं पुरतं. तीनशे पानांत एखाद्या नर्सने '22 तारीख, रुग्ण गप्पा मारत होता' असं लिहून ठेवलेलंही असतं, आणि पत्रात आपण 22 तारखेला ते पूर्ण बेशुद्ध होते असं ठोकून दिलेलं असतं. फुगवून लिहिण्याचा धोका हाच. सरकारी कागदात जाणूनबुजून महत्त्वाचं खोटं लिहिलं असं ठरलं, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. एकवीस दिवसांच्या उशिरापुढे ते संकट फारच मोठं.

मग आजी. त्या तर धडधाकट होत्या. त्यांची मुदतही 4 मार्चलाच संपली. नवरा-बायको एकाच अर्जात बसतात, तिचा आय-539ए हा पुरवणी अर्ज जोडायचा आणि त्यावर तिची सही. पण उशिराचं कारण फक्त नवऱ्याचं लिहिलं तर तिच्या उशिराला कारणच उरत नाही. एकाच पत्रात तिच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा: मी रोज हॉस्पिटलात त्यांच्याजवळ होते, मला इंग्रजी वाचता येत नाही, माझा मुक्काम त्यांच्या मुक्कामावर अवलंबून आहे, त्यांना सोडून मी 27 फेब्रुवारीला एकटी निघू शकत नव्हते. फाइलमधली ही सगळ्यात कच्ची जागा आहे. मुलाला इंग्रजी येत होतं, त्याच्याकडे लॅपटॉप होता, आईचा तरी अर्ज तो करू शकला असता, असं अधिकारी म्हणू शकतो. त्यावर बिनतोड उत्तर नाही. जे घडलं ते लिहायचं: त्या बारा दिवसांत आम्ही दोघं आळीपाळीने आयसीयूबाहेर बसत होतो आणि तारखेची आठवण 6 मार्चला झाली.

इथे वकील मंडळी भुवया उंचावतील. तारीख विसरलो हे लिहायचं? लिहायचं, पण कारण म्हणून नाही. 'आम्हाला नियम माहीत नव्हता', 'आम्हाला वाटलं व्हिसा दहा वर्षांचा आहे', 'मित्र म्हणाला चालतं' ही वाक्यं पत्र बुडवतात. अज्ञान काही असाधारण परिस्थिती नव्हे आणि ते हाताबाहेरचंही नव्हे. आयसीयूच्या दहा दिवसांत आठवण राहिली नाही, यात कारण आयसीयू आहे, विसरणं हा त्याचा परिणाम. वाक्याची रचना तशीच ठेवावी. आणि मुदत संपून पुष्कळ दिवस झाले असतील, किंवा कुठे नोकरीचा, जुन्या मुक्कामाचा गुंता असेल, तर हे डायनिंग टेबलावर उरकायचं काम नाही. तिथे इमिग्रेशनच्या वकिलाची फी देणंच स्वस्त पडतं.

आता पत्राची सुरुवात. ती उशिराच्या कबुलीने करावी. मराठीत सांगायचं तर साधारण अशी:

'विषय: आय-539 अर्ज, उशीर माफ करण्याची विनंती. आमची मुदत 4 मार्च 2025 रोजी संपली. हा अर्ज त्यानंतर 21 दिवसांनी दाखल होत आहे. 20 फेब्रुवारी ते 19 मार्च या काळात मी हॉस्पिटल आणि पुनर्वसन केंद्रात होतो. त्यापैकी 24 फेब्रुवारी ते 5 मार्च अतिदक्षता विभागात होतो (जोडपत्र 2). आम्ही 27 फेब्रुवारीच्या विमानाने भारतात परतणार होतो (जोडपत्र 1). 8 सीएफआर 214.1(सी)(4) प्रमाणे हा उशीर माफ करावा आणि आम्हाला 30 जून 2025 पर्यंत मुक्कामाची परवानगी द्यावी, ही विनंती.'

झालं. अधिकाऱ्याला काय हवंय ते पहिल्या सहा ओळींत आलं. पुढचं दीड पान हे त्या ओळींचं विवरण, आणि प्रत्येक तारखेपुढे जोडपत्राचा नंबर. पत्र आजोबांच्या नावाने, 'मी' म्हणून, आणि खाली त्यांची सही. मुलाला काही सांगायचं असेल तर त्याने वेगळं निवेदन द्यावं.

30 जून ही तारीख कुठून आली? बी-2 वर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने वाढवून मागता येतात, म्हणजे सप्टेंबरपर्यंत मागता आलं असतं. पुष्कळजण मागतातही. आलोच आहोत तर उन्हाळा बघून जाऊ. इथेच तिसरी गोष्ट ढासळते. सर्जनने लिहिलंय की जूनअखेर प्रवास करता येईल, आणि आपण मागतोय सप्टेंबर. मधले दोन महिने कशासाठी? जेवढे दिवस डॉक्टर म्हणतात तेवढेच मागावेत, आणि त्या तारखेचं तिकीट आधीच काढून जोडावं.

परतण्याचा उरलेला पुरावा सांगलीत असतो. पेन्शनचं पासबुक, घराची कागदपत्रं, शेत असेल तर सातबारा. हे मराठी कागद इंग्रजी भाषांतरासह द्यावे लागतात, आणि भाषांतर करणाऱ्याने 'हे पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात' अशी ग्वाही सहीनिशी द्यायची असते. शिवाय इथल्या दिवसांचा खर्च कोण करतोय ते दाखवायचं, मुलाच्या बँकेचे कागद. प्रवासविमा होता का, त्याने बिलातलं किती उचललं, उरलेलं कसं भागवताय, याच्याही दोन ओळी असाव्यात. हॉस्पिटलचं बिल मोठं असतं हे अधिकाऱ्यालाही ठाऊक आहे.

असा अर्ज मंजूर होतो का? होऊ शकतो. 2020 च्या मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली तेव्हा कितीतरी आईवडील मुलांकडे अडकले होते. त्या वेळी खात्याने जाहीरच केलं, की कोविडमुळे झालेला उशीर याच नियमाखाली विचारात घेता येईल. नियम नवा केला नव्हता, जुनाच पुढे केला होता. माफी मिळाली तर मंजुरी 4 मार्चपासून मागे लागू होते. मधली पोकळी भरून निघते, जणू अर्ज वेळेत होता.

पण निकाल यायला महिने लागू शकतात, आणि या दिवसांत उशिराचा अर्ज वेळेतल्या अर्जासारखं संरक्षण देत नाही. वेळेत केलेला अर्ज पडून असतो तोवर बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जात नाहीत. उशिराचा अर्ज नाकारला गेला, तर मोजणी मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे 5 मार्चपासूनच धरतात. ही मोजणी 180 दिवसांच्या वर गेल्यावर माणूस अमेरिकेतून बाहेर पडला, तर त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त झाले तर दहा वर्षं. 5 मार्चपासून मोजलं तर 180 वा दिवस येतो 31 ऑगस्टला. पोचपावती हातात आहे, अर्ज पेंडिंग आहे, मग काय घाई, असं म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलेल्या घराला ऑक्टोबरात नकार आला तर काय होतं, ते यावरून कळेल. नकारावर अपीलही नसतं. त्याच खात्याला फेरविचार करायला सांगता येतं, तेही साधारण महिनाभरात आणि वेगळी फी भरून.

30 जूनला आजोबा-आजी निघाले आणि तोवर निकाल आलेला नसेल, तर आणखी एक गोष्ट उरते. मुदत ओलांडल्यामुळे दहा वर्षांच्या व्हिसाचा तो शिक्का रद्द झाला, असंच धरून चालायचं. तो पासपोर्टवर दिसतो, त्यावर 2031 साल छापलेलं असतं, तरीही. पुढच्या वेळी नातवाच्या मुंजीला यायचं तर मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत नव्याने अर्ज करावा लागेल. त्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्ही पूर्वी अमेरिकेत दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिला आहात का? उत्तर 'होय' द्यायचं. खिडकीपलीकडच्या माणसाने कारण विचारलं, तर न्यू जर्सीतल्या टेबलावर लावलेली तीच फाइल पुढे करायची: वर पत्र, खाली 27 फेब्रुवारीचं रद्द झालेलं तिकीट, सर्जनचं पत्र, आणि शेवटी 30 जूनचा, विमानात खरोखर बसल्याचा, बोर्डिंग पास. तो मात्र आजीला आठवणीने सांगून ठेवावा लागेल. उतरल्यावर त्या तो पर्समध्ये चुरगाळून टाकतात.